जूनची पंधरा स्तोत्रं

वाचलेल्या पुस्तिकेच्या कडेवर अंगठ्याचा डाग पडतो. जी पानं रोज उलटली जातात त्यांच्या खालच्या कोपऱ्यात तो दिसतो, आणि पुस्तिका मिटून बाजूने पाहिली की डाग कुठवर गेलाय ते कळतं. ही गोष्ट मला फेब्रुवारी 2017 मध्ये समजली. आमच्या मंडळीसाठी मी जानेवारीची दैनिक मननं लिहिली होती. महिना संपल्यावर उपासनेनंतर बाकांवर राहिलेल्या पुस्तिका गोळा करताना सहज एक बाजूने धरून पाहिली, मग दुसरी, मग सगळ्याच. बहुतेकींचा डाग आठव्या-नवव्या पानापाशी संपत होता. पुढची बावीस पानं छापखान्यातून आली तशीच होती.

मी पाळक नाही. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्टोअर्समध्ये नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. लिहिण्याची सवय होती ती इंडेंट आणि स्टॉकच्या वह्या लिहिण्याची. मंडळीत अधूनमधून शास्त्रपठण करायचो. पाळकसाहेब म्हणाले, "भाऊ, आपल्याकडे बाहेरून येणारी मननं वाचली की परक्या गावची वाटतात. तुम्ही लिहा." मला ते फार मोठं काम वाटलं नाही. रोज एक शास्त्रभाग, त्यावर पाऊण पान मनन, खाली तीन-चार ओळींची प्रार्थना. एकतीस दिवस.

जानेवारीसाठी मी नीतिसूत्रं घेतली, कारण नीतिसूत्रांचे अध्याय एकतीस आणि जानेवारीचे दिवसही एकतीस. जुळणी इतकी सरळ होती की त्यापुढे मी विचारच केला नाही. पण नीतिसूत्रांचा एकेक अध्याय वीस-पस्तीस वचनांचा असतो आणि मधल्या बऱ्याच अध्यायांत एका वचनाचा दुसऱ्याशी धागा नसतो. आळशी माणूस, खोटा तराजू, जीभ, कर्जाला जामीन राहणं, पुन्हा आळशी माणूस. अख्ख्या अध्यायावर पाऊण पानात लिहिता येत नाही, म्हणून मी रोज एक वचन उचलायचो. आणि एकटं उचललेलं नीतिवचन म्हणजे सुविचार. सुविचारावर मनन लिहायला बसलं की उपदेश होतो, दुसरं काही होऊच शकत नाही. दहाव्या दिवशी काय असणार ते वाचकाला नवव्या दिवशीच कळलं होतं: चांगलं वागा. त्यासाठी रोज सकाळी पुस्तिका कोण उघडणार?

पुढं वर्षभर मी काही लिहिलं नाही. पण डोक्यात ते चालूच होतं, आणि त्यात एक गोष्ट पक्की झाली. महिन्याच्या मालिकेला चाल हवी. पहिल्या दिवशी माणूस एका ठिकाणी असला पाहिजे आणि तिसाव्या दिवशी दुसऱ्या.

चाल असलेला भाग बायबलमध्ये शोधायचा म्हटलं तर तो स्तोत्रसंहितेतच आहे. 120 ते 134 ही पंधरा स्तोत्रं, प्रत्येकाच्या डोक्यावर एकच मथळा: आरोहणस्तोत्र. सणाला यरुशलेमेला चढून जाणारे यात्रेकरू ती वाटेत गात, असा समज फार जुना आहे. अनुवादाच्या पुस्तकात वर्षातून तीन सणांना हजर राहण्याची आज्ञाच आहे. पहिलं स्तोत्र दूरच्या परक्या मुलखात सुरू होतं, तिसऱ्यात पाय यरुशलेमेच्या वेशीत पोचतात, आणि शेवटच्यात रात्रीच्या वेळी मंदिरात उभे राहणारे सेवक आहेत. सगळी मिळून वचनं फक्त 101. पंधरा स्तोत्रं, प्रत्येकाला दोन दिवस, म्हणजे तीस. तीस दिवसांचा महिना हवा होता, तो जून मिळाला. पाळकसाहेबांनी वर्ष धरलं 2019.

आमच्याकडे चालत जाण्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माघात महाशिवरात्रीच्या आधी आजूबाजूच्या गावांच्या दिंड्या मुक्ताईनगरकडे निघतात. पताका, टाळ, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मागून सामानाचा टेम्पो. त्या वर्षी मी अर्धी मननं लिहून अडलो होतो आणि हायवेच्या कडेला चहा पीत त्यांना जाताना पाहत होतो. एक लक्षात आलं. चालणारी माणसं मोठे अभंग म्हणत नव्हती. एक चरण पुढचा म्हणायचा, मागचे तोच उचलायचे, पाऊल पडायचं. आरोहणस्तोत्रं एवढी छोटी का आणि त्यांत तेच शब्द पुन्हापुन्हा का येतात, हे मला कुठल्या टीकाग्रंथापेक्षा तिथं जास्त कळलं. घरी आलो आणि लिहिलेल्या मननांतली लांब वाक्यं कापायला घेतली.

मोजमाप सांगतो, कारण पुढच्या सगळ्या अडचणी त्यातून आल्या. पुस्तिका बत्तीस पानांची. छापखान्यात सोळा पानांचा एक फर्मा होतो, म्हणजे दोन फर्मे. तीस पानं दिवसांची, एक पान दोन शब्दांचं आणि शेवटचं कोरं, नोंदीसाठी. दिवसाला एकच पान, त्यापुढं ओळसुद्धा नाही. पहिल्या दिवशी अख्खं स्तोत्र छापायचं, दुसऱ्या दिवशी त्याच स्तोत्रातलं एक वचन आणि सोबत बायबलमधला दुसरा एखादा भाग, त्याचा फक्त उल्लेख. मननाला उरायचे 180 ते 200 शब्द, प्रार्थनेला चाळीस. आमच्या मंडळीत पहाटेच्या पाळीला जाणारे लोक आहेत. चहा उकळेपर्यंत वाचून झालं पाहिजे, हा माझा हिशेब होता.

पहिल्याच दिवशी अडखळलो. 120 व्या स्तोत्रातला माणूस लढाईखोर लोकांत राहतोय, त्याला शांती हवीय आणि त्यांना युद्ध. त्यात धारदार बाणही आहेत. मी त्यावर शांतीविषयी छान लिहिलं. बायकोला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "सगळं खरं. पण आपलं घर काडतुसांच्या पगारावर उभं राहिलंय, ते यात कुठं आहे?" वाचणाऱ्यांपैकी निम्मी घरं फॅक्टरीची. त्यांना शांतीवरचं मनन देताना ही गोष्ट वगळली तर पहिल्याच पानावर लबाडी झाली असती. शेवटी मननात एवढंच ठेवलं की परक्या मुलखात राहणाऱ्या या माणसाची भाकरीही त्याच मुलखातून येत असणार, आणि तरी तो देवापुढं तक्रार मांडतो. उत्तर दिलं नाही. माझ्याकडे नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 123 व्या स्तोत्राला. चारच वचनं आहेत. जसे चाकरांचे डोळे धन्याच्या हाताकडे आणि दासीचे मालकिणीच्या हाताकडे, तसे आमचे डोळे देवाकडे, त्याची दया होईपर्यंत. पुढं, आम्ही तुच्छतेने पुरेपूर भरून गेलो आहोत, सुखवस्तू आणि गर्विष्ठ लोकांच्या हेटाळणीने. हे 7 आणि 8 जूनला येणार होतं.

मी पहिल्या खर्ड्यात जे लिहिलं ते टीकाग्रंथांत असतं तेच. पूर्वेकडच्या घरांत धनी बोलून हुकूम देत नसे, हाताने खूण करी, म्हणून चाकर हाताकडे लक्ष ठेवी. तोच हात अन्नही देई. तसं आपण देवाच्या इशाऱ्याकडे लक्ष द्यावं. खाली प्रार्थना: प्रभू, तुझ्या हाताकडे पाहायला शिकव. मला ते बरं वाटलं होतं.

खर्डे मी चार-पाच जणांना आधी वाचायला द्यायचो. त्यांत मंडळीतले एक वयस्कर बाबा होते. वाचता येत होतं, पण चष्मा बरोबर नसल्याने नातीकडून वाचून घेत. दोन दिवसांनी भेटले. म्हणाले, "भाऊ, माझा बाप सालदार होता. आखाजीला साल ठरायचं, पुढच्या आखाजीपर्यंत माणूस त्या घरचा. मालकाच्या हाताकडे आम्ही पाहायचो ते कशासाठी, माहीत आहे का?"

मी गप्प राहिलो.

"हात कधी उठेल ते पाहायला. तुमच्या मननात हा हात नाही."

वाद घालता आला असता. स्तोत्रातला हात दयेचा आहे, असं म्हणता आलं असतं. पण मी घरी जाऊन स्तोत्र पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की बाबा स्तोत्राच्या जास्त जवळ होते. पहिल्या दोन वचनांतलं धन्या-चाकराचं चित्र मी तिसऱ्या-चौथ्या वचनापासून तोडलं होतं. स्तोत्र म्हणणारा माणूस तुच्छतेने भरून गेलेला आहे. त्याने धन्यांचे हात पाहिलेत, त्यांची हेटाळणी सोसलीय. म्हणूनच तो नजर त्या सगळ्या धन्यांवरून उचलून वर नेतो. पहिल्याच वचनात डोळे वर लावण्याची गोष्ट आहे, ती मी प्रस्तावना समजून सोडून दिली होती. नीतिसूत्रांत केलेलीच चूक मी इथं पुन्हा केली होती. चांगलं वचन उचललं, उरलेलं मागं ठेवलं.

7 जूनचं पान मी सहा वेळा लिहिलं. छापलेल्या पानात हाताच्या खुणेची गोष्ट नाहीच. सालदाराचं घर आहे, आखाजी आहे, आणि एक प्रश्न: हात उठेल या भीतीने ज्याचे डोळे हाताकडे लागले, तो माणूस देवासाठीही तेच चित्र का निवडतो? तिथं पान संपतं. दुसऱ्या दिवशी योहान 13, प्रभू शिष्यांचे पाय धुतो ती रात्र. धन्याचा हात चाकराच्या पायाला लागतो. हे जर मी पहिल्याच दिवशी आणलं असतं तर बाबांच्या बापाला मधे उभं राहायला जागाच मिळाली नसती. दोन दिवसांच्या रचनेचा खरा उपयोग मला इथं कळला. पहिला दिवस फक्त स्तोत्राचा. दुखणं तिथं नीट दिसू द्यायचं. पुढचं काय ते दुसऱ्या दिवशी.

प्रार्थनेला मात्र यापेक्षा वेगळंच दुखणं होतं. मनन जमलं की प्रार्थना आपोआप येईल असं मला वाटायचं. आली ती अशी: "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, तू आम्हांस या नूतन दिवसाचे दान दिलेस म्हणून आम्ही तुझे उपकारस्मरण करितो." उपासनेत लहानपणापासून कानावर पडलेली भाषा. चुकीची नाही, पण ती वेदीजवळची आहे, ओट्यावर बसून चहा पिणाऱ्याची नाही. पुतणीला, जी नववीत होती, मी पाच प्रार्थना दिल्या आणि म्हटलं, मोठ्याने वाच. तिने वाचल्या आणि विचारलं, "काका, हे मी बोलतेय की तुम्ही?"

दुसरा दोष जास्त लबाड होता, तो सापडायला वेळ लागला. माझ्या बऱ्याच प्रार्थना देवाशी बोलत नव्हत्या, वाचकाशी बोलत होत्या. "प्रभू, आम्ही शेजाऱ्याशी प्रेमाने वागलं पाहिजे हे तू आम्हाला शिकवतोस." देवाला हे माहीत आहे. मी मननात सांगून झालेलं वाचकाला परत एकदा, डोळे मिटायला लावून सांगत होतो. मग एक साधी परीक्षा काढली. आजची प्रार्थना कापून उद्याच्या पानावर चिकटवायची. तिथंही ती बसली तर ती प्रार्थना नाही, भरताड आहे. तीसपैकी एकोणीस या परीक्षेत पडल्या.

ज्या उरल्या आणि नंतर ज्या नव्याने लिहिल्या, त्या बहुतेक एका वस्तूला धरून आहेत. 8 जूनची साधारण अशी: प्रभू, माझ्या बापाच्या पायाला भेगा होत्या, त्या कोणी धुतल्या नाहीत, तू पाहिल्यास ना? बस्स. दोन ओळी. चाळीस शब्दांची जागा होती, पण वाढवली नाही. "मी" लिहावं की "आम्ही", यावरही घोळ झाला. सार्वजनिक उपासनेत "आम्ही" बरोबर असतं, पण घरी एकटा वाचणारा माणूस "आम्ही" म्हणाला की तो इतर कुणाच्या तरी मागं लपतो. जिथं कबुली आहे तिथं "मी" केलं, जिथं गावासाठी किंवा पावसासाठी मागणं आहे तिथं "आम्ही" राहू दिलं.

काही पानं सोपी गेली, ती आमच्या मुलखामुळे. 129 व्या स्तोत्रात दुष्टांविषयी म्हटलंय की ते घराच्या छपरावरच्या गवतासारखे होवोत, जे वाढण्याआधीच वाळतं. काही भाषांतरांत उपटण्याआधीच असं आहे. शहरातल्या वाचकाला छपरावर गवत कुठून आलं ते समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे धाब्याची घरं अजून आहेत. तुळयांवर किलचन, त्यावर पांढरी माती चोपलेली. मृगाचे दोन पाऊस झाले की धाब्यावर हिरवं दिसायला लागतं. लहानपणी आई वर चढवायची, "उपटून टाक, मुळं खाली गेली तर धाबं गळेल." गवत हाताला लागायचं तेव्हा मातीसकट उचलून यायचं, कारण मुळाला धरायला खाली काहीच नसायचं. ऊन पडलं की दोन दिवसांत पिवळं. पॅलेस्टाईनमधली जुनी घरंही अशीच सपाट, मातीच्या छपराची. स्तोत्रात पुढं आहे की त्या गवताने कापणाऱ्याची मूठ भरत नाही, आणि वाटेने जाणारे कापणाऱ्यांना आशीर्वाद देत नाहीत. शेतातल्या कापणीला लोक थांबून दोन शब्द बोलतात, धाब्यावरच्या गवताला कोण बोलणार! हे मनन मी एका बैठकीत लिहिलं आणि नंतर त्यात एक शब्दही बदलावा लागला नाही.

तसंच 126 वं. रडत पेरायला जाणं आणि हसत पेंढ्या घेऊन येणं. हे 13 आणि 14 जूनला येत होतं, म्हणजे ऐन पेरणीत. एका शेतकरी भावाने खर्डा वाचून हटकलं, "तुम्ही लिहिलंय की घरात खायला नाही आणि पोतं उघडून तेच धान्य पेरायचं म्हणून डोळ्यांत पाणी. ते जुन्या काळी. आता कपाशीचं बियाणं पाकिटात येतं, उधारीवर येतं. पाणी डोळ्यांत येतं ते दुकानदाराच्या वहीत सही करताना." मी ते तसंच घातलं.

आणि त्याच पानावर माझी मोठी चूक झाली. जानेवारीत, थंडीत बसून लिहिताना मी 14 जूनच्या प्रार्थनेत पावसाचे आभार मानले. जूनच्या मध्याला पाऊस असतोच, हा आयुष्यभराचा अनुभव. 2019 ला मोसमी पाऊस केरळातच 8 जूनला पोचला. महाराष्ट्रात यायला आणखी उशीर झाला. 14 जूनला वरणगावात सकाळी नऊला पंखा गरम हवा फेकत होता, आणि शंभर घरांत माणसं माझ्या शब्दांत पडलेल्या पावसाबद्दल देवाचे आभार मानत होती. त्या रविवारी एक जण दारात भेटला, हसून म्हणाला, "देवाला हिशेबात घेऊन लिहिलं असतं तर बरं झालं असतं." तारखेचं मनन लिहिणाऱ्याला त्या तारखेला काय घडणार ते माहीत नसतं. मग त्याने पावसासाठी मागावं, पडला असं गृहीत धरू नये. एवढं साधं मला आधी सुचलं नव्हतं.

दिनदर्शिकेनेही फसवलं. त्या वर्षी पुनरुत्थानाचा रविवार 21 एप्रिलला होता, म्हणजे पन्नासाव्या दिवसाचा सण 9 जूनला. माझ्या 9 जूनच्या पानावर 124 वं स्तोत्र होतं, पारध्याच्या फासातून सुटलेला पक्षी. पाळकसाहेबांनी मुद्रितं पाहताना विचारलं, "पेंटेकॉस्टला पक्षी?" जुळवाजुळव करायला वेळ नव्हता. प्रार्थनेतली एक ओळ बदलली आणि तसंच छापलं. लिहायला घेण्याआधी त्या महिन्याचे सगळे रविवार आणि सण कागदावर मांडून घ्यावेत, हे मी आता कुणालाही पहिलं सांगतो.

मुद्रितांचा विषय निघालाय तर तोही सांगून टाकतो. मी घरी मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलं होतं. छापखान्याकडे पानं जुन्या फॉन्टमध्ये लागायची, तिथं मजकूर बदलून घेतला गेला. अशा बदलात रफार सरकतो, "ऱ्य" तुटतो, जोडाक्षरं भलतीच होतात. ती डोळ्याला दिसतात, कारण शब्द विद्रूप होतो. आकडे मात्र दिसत नाहीत. एका पानावर माझ्या हातून 129 ऐवजी 192 झालं होतं आणि ते शेवटच्या मुद्रितापर्यंत कुणालाच खटकलं नाही. स्तोत्रं एकूण दीडशेच आहेत! त्यानंतर मी उल्लेख तपासायची वेगळी फेरी केली. मजकूर वाचायचा नाही, फक्त आकडे, आणि प्रत्येक आकड्याला बायबल उघडून पान काढायचं. त्या फेरीत आणखी तीन चुका निघाल्या.

127 आणि 128 या दोन स्तोत्रांविषयी लिहायला मला अजून जड जातं. मुलं म्हणजे वीराच्या हातातले बाण, मुलं म्हणजे मेजाभोवतीची जैतुनाची रोपं. मी आनंदाने लिहिलं, माझी नातवंडं नुकतीच सुट्टीला आली होती. 18 जूनला दुपारी मंडळीतली एक ताई घरी आली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. तक्रार करायला आली नव्हती. बायकोशी इकडचं तिकडचं बोलली, सरबत घेतलं आणि उठताना मला म्हणाली, "काका, दोन दिवस झाले, मी फक्त प्रार्थना वाचते. पण प्रार्थनेतही मुलंच आहेत." खर्डे वाचायला दिलेल्या पाचही जणांना मुलं होती. माणसं निवडताना ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. 127 व्यातच पहिल्या भागात व्यर्थ जागरण आणि देवाने दिलेली झोप आहे, रात्रपाळीच्या घरात त्यावर दोन दिवस सहज लिहिता आले असते. मी बाणांकडे धावलो.

132 वं स्तोत्र जमलंच नाही. बाकीची तीनापासून नऊ वचनांची आहेत, हे एकटं अठरा वचनांचं. दाविदाची शपथ, कराराचा कोश, सियोनेची निवड. अख्खं स्तोत्र पानावर बसवायला टाइप बारीक करावा लागला, मननाला शंभर शब्द उरले आणि त्या शंभरांत मी कोश म्हणजे काय ते समजावत बसलो. ते मनन नव्हतं, टीप होती. खरं तर त्याला चार दिवस द्यायला हवे होते आणि 133 व 134 यांना एकेक. पण "प्रत्येकाला दोन" हा हिशेब मला मोडवला नाही. स्टोअर्समधल्या माणसाला वही जुळली की समाधान वाटतं.

शेवटचं स्तोत्र तीन वचनांचं, रात्री प्रभूच्या घरात उभं राहणाऱ्यांचं. पहिल्या दोन वचनांत त्यांना देवाला धन्य म्हणायला सांगितलंय आणि तिसऱ्यात देवाकडून आशीर्वाद परत येतो. 29 जूनला फक्त स्तोत्र आणि रात्रपाळीचं वर्णन: सायरन, सायकलींची रांग, पहाटे तीनला जडावणारे डोळे. 30 जूनला रविवार होता. त्या पानावर मनन सात ओळींचं आहे आणि खाली कोरी जागा. जोडणी करणारा म्हणाला, "साहेब, पान रिकामं दिसतंय, एखादी वेल टाकू का?" मी नको म्हटलं.

जुलैच्या पहिल्या रविवारी पुस्तिका गोळा केल्या नाहीत, पण लोक हातात घेऊन आले होते. मी सवयीने बाजूने पाहत होतो. बाबांच्या पुस्तिकेचा डाग तिसाव्या पानापर्यंत गेला होता. 7 जूनच्या पानाचा कोपरा दुमडून नातीने पेनने खूण केली होती, आणि 25-26 ची दोन पानं कोरी करकरीत. "हे नाही वाचलं?" मी विचारलं.

"नातीने सुरू केलं होतं," ते म्हणाले. "मीच म्हटलं, उद्याचं वाच."

132 परत लिहायला घेतलंय. या वेळी त्याला चार दिवस दिलेत. पहिल्या दिवसाच्या तिसऱ्या ओळीवर अडलोय.